१०४.७ टक्के भरलेला घन: युनिट सेल आणि पॅकिंग शिकवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका तालुक्याच्या गावातलं ज्युनिअर कॉलेज. बारावी सायन्सचा साठेक मुलामुलींचा वर्ग. बहुतेकांची दहावी मराठी किंवा सेमी माध्यमातून झालेली, त्यामुळे पुस्तक इंग्रजी आणि वर्गातलं बोलणं मराठी अशी सरमिसळ रोजचीच. मी केमिस्ट्री शिकवते. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा सॉलिड स्टेटचा. वर्षाची सुरुवातच त्याने होते, आणि तो कसा जातो यावर मुलांचं विषयाशी पुढचं नातं बरंचसं ठरतं असा माझा अनुभव आहे.

धड्यातला कळीचा भाग तीन घनांचा. सिंपल क्युबिक, म्हणजे फक्त आठ कोपऱ्यांवर कण. बीसीसी, म्हणजे कोपरे आणि घनाच्या पोटात मधोमध एक. एफसीसी, म्हणजे कोपरे आणि सहाही पृष्ठांच्या मध्यावर एकेक. प्रत्येकासाठी तीन गोष्टी काढायच्या: घनाच्या वाट्याला किती कण येतात, घनाची कड a आणि कणाची त्रिज्या r यांचं नातं काय, आणि घनाची किती टक्के जागा कणांनी व्यापली आहे. ही टक्केवारी म्हणजेच पॅकिंग एफिशिएन्सी. ती अनुक्रमे ५२.४, ६८ आणि ७४ येते.

मी हा भाग वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने शिकवत आले होते. फळ्यावर तिरका घन काढायचा, कोपऱ्यांवर रंगीत खडूचे ठिपके द्यायचे, बाजूला सूत्रांचा तक्ता मांडायचा. त्या वर्षीही तेच केलं.

अडचण

धडा संपल्यावर वीस मिनिटांची एक चाचणी घेतली. एकच प्रश्न होता: बीसीसीची पॅकिंग एफिशिएन्सी काढून दाखवा. पेपर तपासायला बसले तेव्हा पहिल्या काही पेपरांवर नेहमीसारख्या फुल्या मारत गेले. मग एका पेपरावर थांबले. एका मुलीने पायऱ्या नीटनेटक्या मांडल्या होत्या, आकडेमोड अचूक होती, आणि शेवटी चौकटीत उत्तर लिहिलं होतं: १०४.७ टक्के.

डब्यात डब्याहून जास्त लाडू मावले, असंच ते उत्तर सांगत होतं. तिला ते खटकलं नव्हतं. मलाही इतकी वर्षं अशा उत्तरांमध्ये चुकीच्या आकड्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. त्या रात्री मी सगळे पेपर पुन्हा घेतले आणि उत्तरांप्रमाणे त्यांचे गठ्ठे केले.

गठ्ठे फार झाले नाहीत. ती मुलगी एकटी नव्हती, १०४.७ बऱ्याच जणांचं होतं. त्यांनी a = 2r धरलं होतं, म्हणजे कडेवरचे दोन कण एकमेकांना टेकतात असं मानलं होतं. हे सिंपल क्युबिकमध्ये खरं आहे. तिथे एका कणाचे ५२.४ टक्के येतात, म्हणून दोन कणांचे दुप्पट. दुसरा गठ्ठा ३७ टक्क्यांचा. त्यांनी √2 a = 4r लिहिलं होतं, म्हणजे एफसीसीचं नातं बीसीसीला लावलं होतं. तिसरा गठ्ठा पाहून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. वर a = 2r, मधल्या पायऱ्या धूसर, आणि खाली ६८ टक्के. उत्तर पाठ होतं, म्हणून पायऱ्या कशाही मांडून तिथे पोहोचायचं. नेहमीच्या तपासणीत यातल्या काहींना मी निम्मे गुण दिले असते.

खरोखर बरोबर सोडवलेले पेपर वर्गाच्या निम्म्यापेक्षा पुष्कळ कमी होते.

गठ्ठ्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली. मुलांची आकडेमोड चुकत नव्हती, घनफळाचं सूत्र चुकत नव्हतं. कण एकमेकांना कुठे टेकतात, एवढंच त्यांना दिसत नव्हतं. आणि ते न दिसण्याचं कारण माझ्याच फळ्यावर होतं. मी कण ठिपक्यांएवढे काढत होते, ठिपक्यांमधल्या रेषा ठळक काढत होते. रेषेने जोडलेल्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या आहेत असं डोळ्याला वाटणारच. बीसीसीच्या चित्रात कडा ठळक आणि आतला कर्ण तुटक रेषेने काढायची माझी सवय. मग मुलांनी कड धरली यात नवल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोंडी विचारल्यावर आणखी एक गोष्ट बाहेर आली. "कोपऱ्यावरच्या कणाचा आठवा हिस्सा का घ्यायचा?" या प्रश्नाला जवळजवळ सगळ्या वर्गाने एकमुखाने उत्तर दिलं: "घनाला आठ कोपरे असतात म्हणून, मॅडम." हे कारण चुकीचं आहे. खरं कारण असं, की रचनेतल्या कुठल्याही कोपऱ्याशी आठ घन एकत्र येतात आणि तो कण त्या आठांत वाटला जातो. दोन्हीकडे आकडा आठच, हा योगायोग. त्या योगायोगामागे इतकी वर्षं चूक झाकलेली राहिली होती.

कोणते पर्याय होते

पहिला विचार तक्ता पुन्हा गिरवून घेण्याचा आला. दोन दिवसांत उरकलं असतं आणि पुढच्या चाचणीत गुणही वाढले असते. पण तिसऱ्या गठ्ठ्याने तो मार्ग कुठे जातो हे दाखवलंच होतं.

दुसरा पर्याय थर्मोकोलच्या गोळ्यांच्या मॉडेलचा. प्रयोगशाळेच्या कपाटात जुनं एक होतं, ते काढून पाहिलं. गोळ्यांमध्ये टूथपिक होत्या आणि त्यामुळे प्रत्येक गोळा दुसऱ्यापासून बोटभर लांब! मला जे दाखवायचं होतं, म्हणजे टेकणं, नेमकं तेच त्या मॉडेलमध्ये नव्हतं. टेकणाऱ्या गोळ्यांचं मॉडेल करता येतं, पण मग आतला गोळा दिसत नाही, आणि साठ मुलांत एक मॉडेल फिरवलं तर प्रत्येकाच्या हातात ते अर्धं मिनिट राहतं.

तिसरा, प्रोजेक्टरवर फिरणारी त्रिमितीय चित्रं. ती मी आधीही दाखवली होती. मुलं ती पाहताना माना डोलावतात. परीक्षेत मात्र समोर सपाट कागद असतो आणि कागदावर तो घन फिरत नाही. मुलाला स्वतःच्या पेन्सिलीने काढता येईल असं काहीतरी हवं होतं.

म्हणून ठरवलं, साधी आकृती, प्रत्येकाच्या वहीत, पट्टी आणि कंपास घेऊन. तिरका घन काढायचाच नाही. घन कापायचा आणि कापलेला भाग सपाट काढायचा. सिलॅबस मागे पडेल म्हणून मनात धाकधूक होती. तीन तास जास्तीचे लागणार होते आणि ते पुढच्या धड्यातून काढावे लागणार होते.

काय केलं: पहिला तास, ठिपके आणि वाटणी

पेपर परत दिले, पण गुण न घालता. फळ्यावर तीनच आकडे लिहिले: १०४.७, ३७, ६८. विचारलं, "यातलं कुठलं उत्तर काहीही न सोडवता बाद करता येईल?" काही क्षण शांतता होती. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, शंभराच्या वर कसं जाईल?" ज्या मुलीचं ते उत्तर होतं तिने झटकन स्वतःचा पेपर पालथा घातला. मी तिला सांगितलं, "अगं, आकडेमोड तुझीच सर्वांत स्वच्छ आहे. म्हणून तर चूक कुठे आहे ते नेमकं सापडलं."

मग रांगोळीकडे वळलो. आमच्याकडे ठिपक्यांची रांगोळी घरोघरी माहीत. सात ओळी सात ठिपके अशी चौकोनी मांडणी एक, आणि 'सात ते चार' ही दुसरी, ज्यात मधल्या ओळीत सात ठिपके आणि दोन्हीकडे एकेक कमी होत चारपर्यंत. या दुसऱ्या मांडणीत प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने सरकते आणि ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या खोबणीखाली येतो. मुलींनी दोन्ही फळ्यावर काढून दाखवल्या. ठिपक्यांची जाळी म्हणजे लॅटिस. ठिपका ही नुसती जागा आहे, तिथे कण नंतर बसतो. ठिपके जोडणाऱ्या रेषा आपण आपल्या सोयीसाठी काढतो. लोखंडाच्या तुकड्यात अशा काड्या कुठेच नसतात. एक छोटा तुकडा निवडायचा, जो चारी बाजूंना सरकवत नेला की सगळी रांगोळी तयार होते. तो तुकडा म्हणजे युनिट सेल.

इथे वाटणीचा प्रश्न घेतला. चौकोनी मांडणीत एका चौकोनाच्या कोपऱ्यावरचा ठिपका किती चौकोनांत वाटला जातो? चार. चौकोनाला कोपरेही चार, म्हणजे पुन्हा तोच योगायोग. म्हणून लगेच षटकोनी फरशी काढली. षटकोनाला कोपरे सहा. एका कोपऱ्याशी किती फरश्या भेटतात? वर्गातून "सहा" असा मोठा आवाज आला. फळ्यावर तीन षटकोन एकमेकांना लावून काढले आणि चौथ्याला जागाच उरली नाही. म्हणजे वाटा एकतृतीयांश. मग त्रिकोणी फरशी: कोपरे तीन आणि एका बिंदूशी भेटणारे त्रिकोण सहा. वाटा एकषष्ठांश. हे दोन झाल्यावर घनाकडे आलो. एक कोपरा, त्याच्याभोवती खालच्या मजल्यावर चार घन, वरच्या मजल्यावर चार. आठवा हिस्सा. कडेच्या मध्यावर कण असता तर चार घनांत, पृष्ठावरचा दोघांत, पोटातला एकट्याचा. त्यावरून सिंपल क्युबिकमध्ये एक कण, बीसीसीत एक अधिक एक म्हणजे दोन, एफसीसीत एक अधिक तीन म्हणजे चार.

षटकोनाचा प्रश्न हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी भाग ठरला. पाच मिनिटं लागतात, आणि कारण समजलंय की आकडा पाठ आहे हे लगेच कळतं.

दुसरा तास: जवळचा शेजारी कोण

दुसऱ्या तासाला एकच प्रश्न धरला. समजा, प्रत्येक बिंदूवर एक फुगा आहे आणि सगळे फुगे एकाच वेगाने फुगत आहेत. कुठले दोन आधी टेकतील? उत्तर सरळ आहे: ज्यांची केंद्रं सर्वांत जवळ आहेत ते. ते टेकले की फुगवणं थांबलं. त्या क्षणी केंद्रांमधलं अंतर 2r.

आता पट्टी काढायला सांगितली. सगळ्यांनी घनाची कड ६ सेंटिमीटर धरायची. सूत्र कुठलंही वापरायचं नाही, मोजायचं.

सिंपल क्युबिकसाठी समोरचं पृष्ठ पुरतं. ६ सेंटिमीटरचा चौकोन, चार कोपरे. जवळचा शेजारी कडेवरचा, अंतर ६, म्हणून त्रिज्या ३. कंपासने चार पाव वर्तुळं काढली. ती कडेच्या मध्यावर टेकली आणि मधे चांदणीसारखी रिकामी जागा राहिली.

एफसीसीसाठीही तेच पृष्ठ, फक्त मधोमध आणखी एक बिंदू. कोपऱ्यापासून कोपरा ६, कोपऱ्यापासून मध्य पट्टीने ४.२ च्या आसपास. म्हणजे जवळचा शेजारी मधला. कर्ण साधारण ८.५ सेंटिमीटर, त्यावर एक अख्खी त्रिज्या, मग मधल्या वर्तुळाचा पूर्ण व्यास, मग पुन्हा एक त्रिज्या, असे चार r. चौथा भाग २.१२. कंपास तेवढा उघडून वर्तुळं काढली की ती कर्णावर टेकतात आणि कडेवर दोन कोपऱ्यांच्या वर्तुळांमध्ये पावणेदोन सेंटिमीटरची फट राहते. ही फट मी प्रत्येकाला मोजायला लावली. a = 2r लिहिणाऱ्याने ती फट स्वतःच्या वहीत एकदा पाहिलेली असायला हवी.

मग बीसीसी, आणि इथे मी ठेच खाल्ली. सांगितलं, "मधला बिंदू पृष्ठावर नाही, पोटात आहे. म्हणून घन एका उभ्या कडेपासून समोरच्या उभ्या कडेपर्यंत चिरा आणि चिरलेला भाग काढा." फळ्यावर हाताने हवेत चिरूनही दाखवलं. फेरी मारली तर निम्म्या वह्यांमध्ये चौकोन! ६ बाय ६ चा चौकोन, चार कोपरे, मधे एक बिंदू. म्हणजे हुबेहूब एफसीसीचं पृष्ठ. त्या चौकोनावरून कर्ण मोजला की √2 a = 4r हेच येणार आणि उत्तर ३७ टक्केच निघणार. दुसऱ्या गठ्ठ्याचं मूळ तिथे उभं होतं. चाचणीत मी त्याला 'सूत्रांची अदलाबदल' समजले होते. प्रत्यक्षात मुलं त्यांना दिसलेल्या चित्राप्रमाणे अगदी बरोबर वागत होती. घन कसाही कापला तरी चौकोनच मिळतो, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

तास संपत आला होता. पुन्हा एकदा फळ्यावर तिरका घन काढून समजावण्याचा मोह झाला. तो आवरला आणि बीसीसी तिथेच अर्धवट सोडलं.

तिसरा तास: बटाटा

घरून चार मोठे बटाटे आणि सुरी घेऊन गेले. प्रत्येक बटाटा तासून जमेल तितका नीट घन केला, कड साधारण ३ सेंटिमीटर. वर्गासमोर एक घन उभ्या कडेपासून समोरच्या उभ्या कडेपर्यंत चिरला. शाळेत लहानपणी सगळ्यांनी बटाट्याचे ठसे केलेले असतात. तेच केलं. बाहेरचं पृष्ठ शाईत बुडवून कागदावर उमटवलं, शेजारी चिरलेला भाग उमटवला. पहिला ठसा चौकोन, दुसरा आयत. उंची दोघांची सारखी, रुंदी मात्र दुसऱ्याची जास्त. एका मुलाने पट्टी लावली: ३ आणि जवळपास ४.२. "मॅडम, ही रुंदी म्हणजे खालच्या पृष्ठाचा कर्ण आहे!" हे मी सांगितलं नाही, त्यानेच सांगितलं, आणि शेजारच्या बाकांवरून तिघंचौघं ठसा बघायला उठून आले.

आता वहीत ६ सेंटिमीटरच्या घनाचा तोच छेद काढायचा: उंची ६, रुंदी ८.५. चार कोपरे, मधे पोटातला बिंदू. या आयताचा कर्ण पट्टीने १०.४. त्यावर चार त्रिज्या, म्हणून r सुमारे २.६. कंपासने वर्तुळं काढली की मधलं वर्तुळ चारही कोपऱ्यांच्या पाव वर्तुळांना टेकतं, उंचीच्या बाजूला ८ मिलिमीटरची फट राहते आणि रुंदीच्या बाजूला तर पार ३.३ सेंटिमीटरची. एकाच आकृतीत तीन अंतरं दिसतात: कड, पृष्ठाचा कर्ण, घनाचा कर्ण. त्यांतल्या एकाच रेषेवर टेकणं आहे.

मग मोजलेल्याच आकड्यांवरून टक्के काढायला सांगितले. घनाचं घनफळ २१६ घन सेंटिमीटर, तिन्हींना समान. सिंपल क्युबिकमध्ये ३ सेंटिमीटर त्रिज्येचा एक गोळा, ११३ घन सेंटिमीटर, म्हणजे ५२ टक्के. बीसीसीत २.६ चे दोन गोळे, १४७, म्हणजे ६८. एफसीसीत २.१२ चे चार, १६० च्या जरा आत, म्हणजे ७४. कुठेही वर्गमूळ न वापरता, निव्वळ पट्टीने, पुस्तकातले आकडे हाती आले. यानंतरच पायथागोरस आणला आणि ६ च्या जागी a लिहिलं. √3 a = 4r हे नातं तेव्हा फळ्यावर पहिल्यांदा आलं. वर्गाला ते आधीच माहीत होतं, फक्त अक्षरांत लिहायचं बाकी होतं.

एका मुलीने विचारलं, ७४ च्या पुढे जाता येत नाही का? सारख्या आकाराच्या गोळ्यांसाठी नाही. केप्लरने १६११ मध्ये तसं म्हटलं होतं आणि त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये मांडली. फळवाला संत्र्यांचा जो ढीग रचतो, त्यापेक्षा दाट रचना नाही, हे सिद्ध व्हायला इतकी शतकं गेली हे ऐकून वर्ग जरा वेळ त्यावरच बोलत राहिला. मी बोलू दिलं.

मधेच उभी राहिलेली नवी चूक

आकृतीचा एक तोटा मी आधी ओळखायला हवा होता. दोन दिवसांनी गृहपाठात काही जणांनी एफसीसीची पॅकिंग ७८.५ टक्के काढून आणली. पाहिलं तर त्यांनी पृष्ठाचं चित्र घेतलं होतं आणि त्या चौकोनाचा किती भाग वर्तुळांनी झाकला आहे ते काढलं होतं. पृष्ठावर चार पाव आणि एक पूर्ण, अशी दोन वर्तुळं, चौकोनाचं क्षेत्रफळ 8r². गणित बरोबर आहे, पण ते क्षेत्रफळाचं आहे, घनफळाचं नाही.

गंमत अशी, की ७८.५ हा आकडा चौकोनी रांगोळीत ठिपक्यांच्या जागी टेकलेली वर्तुळं काढली तरी येतो. वही ४५ अंशांत फिरवून पाहिलं की कारण दिसतं: एफसीसीचं पृष्ठ हीच तिरकी धरलेली चौकोनी मांडणी आहे. हे मुलांना दाखवलं तेव्हा त्यांना आवडलं, पण चूक माझ्या शिकवण्यातून आली होती. छेदाची आकृती कशासाठी आहे हे मी सांगितलंच नव्हतं. ती फक्त a आणि r यांचं नातं शोधण्यासाठी आहे. कण मोजायचे ते पूर्ण घनात, भागिले करायचे ते घनफळाला. त्या दिवसापासून वहीच्या पानाचे दोन भाग केले. डावीकडे छेद आणि त्याखाली 'अंतर', उजवीकडे वाट्यांची बेरीज आणि त्यावर 'मोजणी'. दोन्ही एकत्र येतात ते शेवटच्या ओळीत.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी न सांगता चाचणी घेतली. पॅकिंगचा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण ६८ आता आणखी पाठ झालं होतं. प्रश्न लोखंडाचा दिला: रचना बीसीसी, a = 286.6 pm, अणुवस्तुमान ५५.८५. त्रिज्या आणि घनता काढा आणि उत्तर विश्वास ठेवण्यासारखं आहे का ते लिहा.

या प्रश्नात उत्तरच चूक सांगतं. घनकर्ण धरला तर त्रिज्या १२४ पिकोमीटर येते, कड धरली तर १४३, पृष्ठाचा कर्ण धरला तर १०१. घनतेला r लागतच नाही, तिथे फक्त मोजणी तपासली जाते. दोन अणू धरले तर घनता ७.८८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते, लोखंडाची प्रत्यक्ष घनता ७.८७. चित्रात दिसणारे सगळे नऊ अणू मोजले तर ३५ च्या वर जाते, आणि सर्वांत दाट धातू ऑस्मियमसुद्धा साडेबावीसच्या आसपास आहे.

बहुसंख्य वर्गाने त्रिज्या १२४ आणली, बऱ्याच पेपरांच्या समासात आयताची आकृती होती. १४३ जवळजवळ नाहीसं झालं. १०१ काही जणांकडे राहिलं, आणि त्यांच्या समासात चौकोन होता. हे बहुतेक जण तिसऱ्या तासाला गैरहजर होते, हजेरीपट काढून पाहिला. शेवटच्या उपप्रश्नाला मात्र निम्म्यांनी हात लावला नाही. उत्तर विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न आमच्या मुलांना कुणी विचारतच नाही, त्यामुळे तो 'ऑप्शनला' टाकला गेला. ज्या मुलीने १०४.७ लिहिलं होतं तिने दोन ओळी लिहिल्या होत्या: घनता पुस्तकातल्या लोखंडाशी जुळते, म्हणून दोन अणू बरोबर. त्रिज्येच्या दुपटीपेक्षा कड मोठी आली, म्हणून फट आहे, म्हणून चालेल.

दुसरी ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. 2r म्हणजे २४८, a म्हणजे २८६.६. वहीतली ८ मिलिमीटरची फट तिने लोखंडात शोधली होती.

किंमतही मोजावी लागली. द्रावणांचा पुढचा धडा तीन तासांनी मागे पडला आणि तो भरून काढायला दोन शनिवार जादा तास घ्यावे लागले. लांबून बसने येणाऱ्या मुलांना ते जड गेलं.

पुन्हा करायचं झालं तर

बटाटा पहिल्या दिवशी नेईन. तीन तासांतला जवळजवळ एक तास मी हवेत घन चिरण्यात घालवला. ठसा आधी दाखवला असता तर तो वाचला असता.

एफसीसी बीसीसीच्या आधी घेतलं, ते तसंच ठेवीन. पुस्तकात क्रम उलटा आहे, पण एफसीसीचा छेद हे घनाचं बाहेरचं पृष्ठच असतं, तिथे काही कापावं लागत नाही. कापण्याची वेळ फक्त बीसीसीला येते, ती शेवटीच यावी.

चाचणीचे गठ्ठे मात्र पहिल्याच वर्षी करायला हवे होते. चुकीचं उत्तर कोणत्या गृहीतकातून आलं हे आकड्यावरूनच कळत होतं: १०४.७ म्हणजे कड, ३७ म्हणजे चौकोनी छेद, ७८.५ म्हणजे क्षेत्रफळ, आणि एफसीसीत २०९ आलं तर तिथेही कड. आता ही यादी माझ्या टाचणवहीच्या आतल्या पानावर आहे, आणि तपासताना फुलीऐवजी मी शेजारी लिहिते, 'फट मोज'.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गोळ्यांमधल्या पोकळ्या, विशेषतः चार गोळ्यांमधली टेट्राहेड्रल पोकळी, एका सपाट छेदात चारही केंद्रांसह बसत नाही. चार केंद्रं एका प्रतलात नसतातच. तिथे ही पद्धत थांबते. सध्या मी त्यासाठी चार लिंबं टाचण्यांनी जोडून वर्गात फिरवते, आणि तिसऱ्या बाकापुढच्यांना मधली पोकळी नीट दिसत नाही.